भारत आणि चीन : सोने घेण्याच्या दोन रीती आणि आपल्या सराफ बाजारातील भाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापूरच्या सराफ बाजारातील एका पेढीवर खरेदीचे आणि हिशेबाचे काम पाहताना गिऱ्हाइकांकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. समोर बसून विचारले जातात, फोनवर विचारले जातात आणि भाव चढला की मोबाइलवर संदेशांतूनही येतात. त्यांतील बहुतेकांची सुरुवात "चीन घेतोय म्हणून सोने वाढले म्हणे" अशीच असते. या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेला अर्धा भाग समजावा म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भारत आणि चीन यांपैकी जास्त सोने कोण घेतो?

वर्षानुसार क्रम बदलतो, मात्र पहिल्या दोन जागा याच दोन देशांच्या असतात. पूर्वी बहुतेक वर्षी भारत पुढे असे. २०१३ मध्ये चीन पुढे गेला आणि त्यानंतर बहुतेक वर्षे तो पुढेच राहिला. जागतिक सुवर्ण परिषदेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये दागिने, वळी आणि नाणी मिळून दोन्ही देशांची मागणी प्रत्येकी आठशे टनांच्या आसपास होती. त्या वर्षी जगात दागिन्यांसाठी जेवढे सोने लागले, त्यातील निम्म्याहून अधिक या दोघांनीच घेतले.

या बेरजेपेक्षा तिच्या आतील वाटणी अधिक बोलकी आहे. २०२४ मध्ये भारतात सुमारे ५६० टन सोने दागिन्यांत गेले आणि सुमारे २४० टन वळी-नाण्यांत. चीनमध्ये दागिन्यांत सुमारे ४८० टन गेले, तर वळी-नाण्यांत ३३० टनांहून अधिक. म्हणजे एकूण वजन जवळपास सारखे असले तरी ते घेण्यामागचा हेतू सारखा नाही.

२. सोन्याचा भाव ठरतो कोठे? सोलापुरातील भावात चीनचा संबंध येतोच कसा?

जगाचा मूळ भाव लंडनच्या घाऊक बाजारात आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतो. तो एका ट्रॉय औंसाला, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅमला, डॉलरमध्ये सांगितला जातो. आपल्याकडील भाव त्यावरूनच निघतो. औंसाच्या भावाला ३१.१०३५ ने भागून दहाने गुणले की दहा ग्रॅमचा डॉलरमधील भाव मिळतो. त्याला रुपयाच्या विनिमय दराने गुणायचे, त्यावर आयात शुल्क चढवायचे आणि शेवटी स्थानिक बाजारातील तेजी-मंदीप्रमाणे थोडे अधिक-उणे करायचे. गिऱ्हाइकाच्या बिलात यावर ३ टक्के जीएसटी येतो.

चीनचा परिणाम आपल्यापर्यंत या साखळीच्या पहिल्या कडीतून येतो. शांघायमध्ये मागणी वाढली की तेथील भाव लंडनपेक्षा वर जातो, स्वित्झर्लंडच्या शुद्धीकरण कारखान्यांतून वळी तिकडे जाऊ लागतात आणि लंडनमधील विक्रेता आपला भाव राखू शकतो. त्यानंतर सोलापुरातील एका तोळ्याचा भावही वाढतो. (आपण आता तोळा म्हणतो तेव्हा दहा ग्रॅमच धरतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजीच्या पाटल्यांचे जुने वजन आणि आजचा काटा यांचा मेळ बसत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.)

३. दोन्ही देशांतील लोकांच्या खरेदीत मूळ फरक कोणता?

आपल्याकडे सोने घेण्याचा मुहूर्त घरातील कार्याशी आणि हातात पैसा येण्याच्या वेळेशी बांधलेला असतो. लग्न ठरते, उसाचे बिल जमा होते, सांगोल्याकडील डाळिंबाचे पैसे येतात आणि मग माणसे पेढीवर येतात. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी गर्दी होते, तर पितृपक्षात बाजार ओस पडतो. घेतलेले सोने अंगावर घालण्यासाठी, मुलीला देण्यासाठी आणि अडीअडचणीला उपयोगी पडावे म्हणून असते. ते विकण्याचा विचार खरेदीच्या वेळी कोणाच्याही मनात नसतो.

चीनमध्येही लग्नात सोने दिले जाते आणि चांद्र नववर्षाच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, मोठी खरेदी होते. परंतु तेथे खासगी माणसाला सोने घेण्याची मोकळीकच अलीकडची आहे. शांघाय गोल्ड एक्सचेंज २००२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच बँकेत जाऊन वळे घेणे किंवा खात्यावर दरमहा थोडे थोडे सोने जमा करणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. त्यामुळे तेथे सोन्याकडे बचतीचे साधन म्हणून पाहण्याची सवय बँकांच्या आणि बाजाराच्या हातून लागली. आपल्याकडे ती घरातून लागली.

त्यात गेल्या काही वर्षांत आणखी एक कारण मिळाले. चिनी मध्यमवर्गाची बहुतांश बचत घरांत गुंतलेली होती आणि २०२१ नंतर घरांचे भाव उतरू लागले. शेअर बाजारानेही निराशा केली. परदेशात पैसा नेण्यावर माणशी वर्षाला पन्नास हजार डॉलरची मर्यादा आहे. ज्याच्यापुढे इतक्या वाटा बंद होतात, त्याला सोने हीच जवळची वाट दिसते.

४. आपण २२ कॅरेट घेतो आणि ते २४ कॅरेट, असे का? त्याने भावावर काय फरक पडतो?

आपले दागिने नाजूक कामाचे असतात. ठुशीचे मणी, मोहनमाळेची गुंफण, तोड्यांवरील नक्षी चोख सोन्यात टिकत नाही, म्हणून त्यात तांबे आणि चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. चीनमध्ये ९९९ शुद्धतेच्या दागिन्यांची परंपरा आहे, कारण तेथील गिऱ्हाईक दागिन्याकडेही सोन्याचा तुकडा म्हणून पाहते. शिवाय अलीकडे तेथील कारागिरांनी चोख सोनेही कठीण करण्याचे तंत्र आणले आहे, त्यामुळे हलक्या वजनाचे २४ कॅरेटचे दागिने तेथे सहज मिळतात.

भावाच्या दृष्टीने खरा फरक मोड घालताना कळतो. समजा, एखाद्या डागात १०० रुपयांचे सोने आहे. त्यावर १२ टक्के घडणावळ धरली तर ११२ रुपये होतात आणि ३ टक्के जीएसटी लावल्यावर बिल ११५ रुपयांच्या थोडे वर जाते. उद्या तोच डाग मोडला, तर सोन्याचेच पैसे मिळतात. घडणावळ आणि कर परत येत नाहीत. म्हणजे भाव साधारण १५ टक्के वाढेपर्यंत हा माणूस तोट्यातच असतो. वळे घेणाऱ्याचा तोटा मात्र जीएसटी आणि किरकोळ खर्चापुरताच असतो. त्यामुळे दागिने घेणारा माणूस भाव थोडा चढला की नफा काढायला येत नाही, तर वळे घेणारा येऊ शकतो. दागिन्यांत गेलेले सोने बाजारातून जवळजवळ कायमचे बाहेर जाते. वळ्यात गेलेले सोने बाजाराच्या उंबरठ्यावर बसून असते.

आपल्याकडेही चोख सोने घेण्याची जुनी रीत आहेच. गुरुपुष्यामृताला एक-दोन ग्रॅमचे वेढणे घेऊन डब्यात टाकणारी घरे सोलापुरात आजही आहेत. पूर्व भागातील विडी वळणाऱ्या बायका भिशीच्या पैशांतून ग्रॅमभर सोने घेतात. तसेच चीनमधील तरुण मुलेमुली पगार झाला की एक ग्रॅमचा सोन्याचा दाणा विकत घेऊन काचेच्या बरणीत साठवतात. ही पद्धत तेथे २०२३ पासून फार लोकप्रिय झाली. आपल्या या बायकांच्या आणि त्या मुलांच्या मनात मला फारसा फरक वाटत नाही. फरक पुढे पडतो, कारण आपली बाई पाच-सात ग्रॅम जमले की त्याचे गळ्यातले करते.

५. भाव वाढला की आपण थांबतो आणि चिनी माणूस घेतच राहतो, हे खरे आहे का?

असे सरसकट म्हणणे चूक आहे. दागिन्यांच्या बाबतीत चिनी गिऱ्हाईकही आपल्यासारखेच थांबते. २०२४ मध्ये भाव वाढत गेला, तेव्हा चीनमधील दागिन्यांची मागणी आदल्या वर्षीच्या सुमारे ६३० टनांवरून ४८० टनांवर आली. ही घट लहान नाही. परंतु त्याच वर्षी तेथील वळी-नाण्यांची मागणी सुमारे एक पंचमांशाने वाढली. म्हणजे तेथे चढत्या भावाने काही गिऱ्हाइकांना घालवले, तर काहींना दागिन्यांच्या दुकानातून बँकेच्या खिडकीकडे वळवले. तिथे भाव वाढणे हेच खरेदीचे कारण ठरले.

आपल्याकडे ही दुसऱ्या प्रकारची खरेदी आहे आणि ती वाढतेही आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तोळ्याचा भाव पहिल्यांदा एक लाखाला टेकला, तेव्हा दागिने घेणारे मागे हटले. मात्र नाणे आणि शेअरसारखे घेता-विकता येणारे, सोन्यात पैसा गुंतवणारे फंड म्हणजे गोल्ड ईटीएफ यांची चौकशी करणारे नवे लोक आले. तरीही आपल्या एकूण मागणीत दागिन्यांचे वजन अधिक असल्याने तेजीत आपली एकूण खरेदी मंदावलेली दिसते. मोठ्या पेठेतील व्यापारी म्हणूनच मानतात की, भारतीय मागणी भावाला खालून आधार देते आणि चिनी गुंतवणूकदारांची मागणी त्याला वर ढकलू शकते. माझ्या अनुभवाशी हे जुळते, मात्र त्याला एक मोठी मर्यादा आहे. ती नवव्या प्रश्नात सांगितली आहे.

६. "भारतात सोने डिस्काउंटने मिळते" अशी बातमी वाचली. मग माझ्या बिलात ती सवलत का नाही?

बातमीतील डिस्काउंट म्हणजे गिऱ्हाइकाला मिळणारी सूट नव्हे. जागतिक भाव, रुपयाचा दर आणि आयात शुल्क धरून देशात उतरलेल्या सोन्याची जी किंमत निघते, तिच्यापेक्षा घाऊक व्यापारी एका औंसामागे किती डॉलर कमी घेऊन विकायला तयार आहेत, हे त्यात सांगितलेले असते. मागणी मंदावली आणि बँकांकडे, व्यापाऱ्यांकडे माल पडून राहिला की डिस्काउंट वाढतो. लग्नसराईत माल कमी पडला की त्याचा प्रीमियम होतो.

औंसामागे २० डॉलरचा डिस्काउंट म्हणजे दहा ग्रॅममागे साडेसहा डॉलरच्या आसपास, अर्थात पाच-सहाशे रुपये. ही रक्कम पेढीवर लावलेल्या भावात बहुतेक आधीच धरलेली असते, म्हणून ती बिलात वेगळी दिसत नाही. गिऱ्हाइकाला तिचा उपयोग दुसऱ्या बाजूने होतो. डिस्काउंट मोठा असतो तेव्हा दुकानदाराला विक्रीची गरज असते आणि तेव्हाच घडणावळीत घासाघीस करण्यास सर्वांत जास्त वाव असतो.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. शुल्क जास्त असते तेव्हा चोरट्या मार्गाने आलेले सोने बाजारात स्वस्त विकले जाते आणि त्याच्या दबावाने प्रामाणिक व्यापाऱ्यालाही डिस्काउंट द्यावा लागतो. त्या वेळी डिस्काउंटचा अर्थ "मागणी नाही" असा घेता येत नाही.

७. शांघायचा प्रीमियम म्हणजे काय आणि तो कसा काढायचा?

शांघाय गोल्ड एक्सचेंजवरील भाव युआनमध्ये आणि एका ग्रॅमला असतो. त्याला ३१.१०३५ ने गुणून डॉलर-युआनच्या दराने भागले की डॉलरमधील औंसाचा भाव येतो. उदाहरणार्थ, भाव ५६० युआन आणि डॉलर ७.२ युआनचा असेल, तर उत्तर सुमारे २,४१९ डॉलर येते. त्याच वेळी लंडनमध्ये भाव २,४०० डॉलर असेल, तर शांघायचा प्रीमियम १९ डॉलरचा झाला.

प्रीमियम दिसला म्हणजे चिनी मागणी जोरात आहे, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. येथे सावध राहावे. चीनमध्ये सोने आयात करण्याचा परवाना निवडक बँकांनाच आहे आणि किती आणायचे याचा कोटा तेथील मध्यवर्ती बँक देते. कोटा आखडला की मागणी पूर्वीइतकीच असूनही प्रीमियम फुगतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शांघायचा भाव लंडनपेक्षा औंसाला शंभर डॉलरहून अधिक वर गेला होता. युआन घसरत होता, आयात आखडली होती आणि देशातील माल अपुरा पडत होता. नंतर आयात सैल होताच तो फरक आटोक्यात आला. उलट २०२० मध्ये साथीच्या काळात शांघायचा भाव लंडनच्या बराच खाली होता आणि आयात जवळजवळ थांबली होती.

असा अनुभव आपणही घेतला आहे. २०१३ च्या जुलैपासून २०१४ च्या नोव्हेंबरपर्यंत आपल्याकडे ८०:२० चा नियम होता. आणलेल्या सोन्यातील पाचवा हिस्सा निर्यातीसाठी दिल्याशिवाय पुढचे आणता येत नसे. २०१३ च्या अखेरीस आपल्या बाजारातही प्रीमियम शंभर डॉलरच्या वर गेला. त्या वेळी लोकांची हौस वाढली नव्हती, तर माल येण्याची वाट अरुंद झाली होती.

८. जुलै २०२४ मध्ये सोने एका दिवसात इतके उतरले, ते जगात उतरले म्हणून की शुल्क कमी झाले म्हणून?

शुल्कामुळे. हे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे, कारण दोन देशांची वागणूक इतकी शेजारी शेजारी क्वचितच दिसते.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के करण्यात आले. हिशेबासाठी औंसाचा भाव २,४०० डॉलर आणि डॉलर ८३.७० रुपये धरू. दहा ग्रॅमचे ७७१.६ डॉलर होतात, म्हणजे सुमारे ६४,५८० रुपये. १५ टक्के शुल्क धरले तर ७४,२७० आणि ६ टक्के धरले तर ६८,४६० रुपये होतात. तोळ्यामागे ५,८०० रुपयांचा फरक पडला. जीएसटी धरून तो सहा हजारांच्या जवळ जातो. प्रत्यक्षातील उतार याहून थोडा कमी दिसला, कारण आदल्या दिवसांत बाजार डिस्काउंटवर होता आणि ७४ हजारांचा पूर्ण भाव मुळात कोणी देतच नव्हते.

ज्यांच्या कपाटात १५ टक्के शुल्क भरलेला माल होता, त्या दुकानदारांना तो दिवस जड गेला. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याच दिवसापासून येऊ लागले. वास्तविक ते दिवस आषाढ-श्रावणाचे, म्हणजे आमच्याकडे मंदीचे. तरीही पुढील लग्नांसाठी लोकांनी पाटल्या-बांगड्यांची खरेदी उरकून घेतली. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत देशातील दागिन्यांची मागणी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी वाढून १७० टनांच्या पुढे गेली. त्याच तिमाहीत चीनमधील दागिन्यांची मागणी सुमारे एक तृतीयांशाने घटून शंभर टनांच्या आसपास आली.

जगाचा भाव दोघांसाठी एकच होता आणि तो त्या तीन महिन्यांत डॉलरमध्ये बारा-तेरा टक्क्यांनी वाढला होता. चिनी गिऱ्हाइकाला ती वाढ पूर्ण जाणवली. आपल्या गिऱ्हाइकाला शुल्ककपातीने तिच्यातील मोठा भाग जाणवूच दिला नाही. यावरून असे दिसते की भारतीय माणूस डॉलरचा भाव पाहत नाही. तो रुपयांतील भाव पाहतो, तोही आठवणीतील शेवटच्या भावाशी ताडून. "मागच्या महिन्यात चौऱ्याहत्तर होते, आता एकोणसत्तर आहे" एवढे त्याला पुरेसे असते.

९. भारत आणि चीन दोघांनी मिळून जोरात खरेदी केली, तर भाव पडूच शकत नाही ना?

पडू शकतो आणि पडला आहे. १२ आणि १५ एप्रिल २०१३ या लागोपाठच्या दोन व्यवहार दिवसांत सोने औंसामागे दोनशे डॉलरच्या आसपास कोसळले. दोन्ही देशांत दुकानांपुढे रांगा लागल्या. चीनमध्ये तर मध्यमवयीन गृहिणींनी इतकी खरेदी केली की, त्यांच्यासाठी रूढ असलेला 'दामा' हा चिनी शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत आला. त्या वर्षी चीनने हजार टनांहून अधिक सोने घेतले आणि भारताची मागणीही हजाराच्या जवळ गेली. तरीही वर्षअखेरीस भाव १,२०० डॉलरच्या आसपास आला, म्हणजे वर्षभरात पावपटीहून अधिक घसरला.

याचे कारण पाश्चात्त्य गुंतवणूकदारांत होते. त्यांनी त्या एका वर्षात गोल्ड ईटीएफमधून आठशे टनांहून अधिक सोने बाहेर काढले. व्याजदर वाढतील या अपेक्षेने ते विकत होते आणि त्यांचा माल पूर्वेकडे येत होता. आपल्या आणि चीनच्या खरेदीने तो माल झेलला, पडण्याचा वेग कदाचित कमी केला, पण दिशा बदलली नाही. म्हणून "चीन घेतोय, आता भाव खाली येणार नाही" असे कोणी ठामपणे सांगितले, तर त्याला २०१३ ची आठवण करून द्यावी.

१०. भाव इतका वाढल्यावर लोक जुने सोने विकायला काढतील. मग भाव आपोआप उतरायला नको का?

मोड येते, पण अपेक्षेइतकी येत नाही. भारतीय घरांत सुमारे २५,००० टन सोने असावे, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यातील थोडासा भाग जरी बाहेर आला तरी जगाचा बाजार हलेल. परंतु आपल्याकडील माणूस जुना डाग रोख पैशांसाठी मोडण्याऐवजी बहुधा दोनच गोष्टी करतो. पहिली, मोड घालून त्याच वजनाचा नवा दागिना घेतो. त्यात सोने बाजारात येत नाही, फक्त त्याचा आकार बदलतो. दुसरी, सोनेतारण कर्ज काढतो. भाव वाढला की त्याच बांगड्यांवर जास्त कर्ज मिळते, त्यामुळे तेजीत विकण्याची गरज उलट कमी होते.

यंत्रमागाचे काम थंडावले की आमच्याकडे हे स्पष्ट दिसते. त्या काळात विकणाऱ्यांपेक्षा गहाण ठेवणाऱ्यांची गर्दी अधिक असते. चीनमध्ये वळे विकणे सोपे आहे (प्रश्न ४ पाहा), त्यामुळे तेथील गुंतवणूकदार मोठ्या संख्येने नफा काढायला निघाले, तर तो दबाव आपल्या मोडीपेक्षा लवकर जाणवू शकतो.

११. चीनची मध्यवर्ती बँक सोने घेते, ती खरेदी आणि लोकांची खरेदी एकच का?

वेगळी. पहिल्या प्रश्नातील आकड्यांत ती धरलेली नाही. पीपल्स बँक ऑफ चायनाने २०२२ च्या नोव्हेंबरपासून २०२४ च्या एप्रिलपर्यंत सलग १८ महिने खरेदी जाहीर केली, नंतर सहा महिने थांबली आणि नोव्हेंबर २०२४ पासून पुन्हा सुरू केली. २०२३ या एका वर्षात तिने सुमारे २२५ टन घेतले. रिझर्व्ह बँकही घेते. २०२४ मध्ये तिने ७० टनांहून थोडे अधिक सोने घेतले, जे त्या वर्षीच्या चिनी बँकेच्या जाहीर खरेदीपेक्षा जास्त होते.

बँका दागिने घेणाऱ्यांप्रमाणे भाव पाहून थांबत नाहीत. डॉलरवरील अवलंबन कमी करणे हा त्यांचा हेतू असतो. तेजीत दागिन्यांची मागणी घटूनही भाव टिकून राहिला, त्यात जगभरच्या बँकांच्या खरेदीचा मोठा वाटा आहे.

१२. आपल्या लग्नसराईमुळे जगाचा भाव वाढतो का?

फारसा नाही. कोणत्या महिन्यांत मुहूर्त आहेत हे लंडनच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असते, त्यामुळे तो माल आधीच मागवून ठेवतो. लग्नसराईचा परिणाम जगाच्या भावापेक्षा सहाव्या प्रश्नातील प्रीमियम-डिस्काउंटवर अधिक होतो.

१३. आपल्या जवळच कर्नाटकात हट्टीची सोन्याची खाण आहे. मग आयात का करावी लागते?

रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या खाणीतून वर्षाला एक-दोन टन सोने निघते. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. आठशे टनांच्या मागणीपुढे हे नगण्य आहे, म्हणून जवळजवळ सर्व सोने डॉलर देऊन आणावे लागते आणि म्हणूनच सरकार परकीय चलनाकडे पाहून शुल्क वर-खाली करते. चीन मात्र जगातील सर्वांत मोठा सोने-उत्पादक देश आहे. तेथे वर्षाला पावणेचारशे टनांच्या आसपास सोने निघते. त्याला उरलेलेच बाहेरून घ्यावे लागते आणि आत गेलेले सोने तो सहसा बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे रुपया घसरला की आपला भाव डॉलरचा भाव स्थिर असतानाही चढतो. ही आच आपल्याला जितक्या वारंवार लागते तितकी चीनला लागत नाही.

१४. मुलीचे लग्न सहा महिन्यांवर आहे. चीनच्या बातम्या पाहून थांबू की आताच घेऊ?

चीनच्या बातमीवरून पुढच्या सहा महिन्यांचा भाव सांगता येत नाही (प्रश्न ७ आणि ९ पाहा). ज्यांना सोने हौसेने घ्यायचे आहे ते थांबू शकतात. ज्यांना ठरलेल्या तारखेला ठरलेले वजन लागणार आहे, त्यांनी भाव ओळखण्याच्या नादी लागू नये. पाच तोळे हवे असतील, तर महिन्याला एक तोळा या हिशेबाने चोख सोन्याचे वळे किंवा नाणे घ्यावे आणि शेवटी त्याचे दागिने करावेत. भावाची सरासरी पडते. मात्र नाण्याच्या वेळी भरलेला जीएसटी परत मिळत नाही आणि दागिना करताना घडणावळीसह कराचा हिशेब पुन्हा होतो, याची विचारणा आधी करून घ्यावी.

दुसरी वाट बुकिंगची. काही रक्कम आगाऊ देऊन आजचा भाव बांधून घेता येतो. येथे पावतीवरील अट वाचावी. काही पेढ्या लग्नाच्या वेळी भाव उतरला असेल तर उतरलेला भाव लावतात, काही मात्र बांधलेलाच लावतात. पहिल्या प्रकारात आगाऊ रक्कम बहुधा जास्त मागतात. ही अट तोंडी सांगितलेली पुरत नाही, ती वजन, शुद्धता आणि घडणावळीच्या टक्क्यांसह पावतीवर लिहून घ्यावी. दागिना हातात आल्यावर त्यावरील सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक बीआयएसच्या मोबाइल अ‍ॅपवर तपासून मगच उरलेली रक्कम द्यावी.